मशीनिंग सेल आणि असेंब्लीमधलं कानबान : सूत्राने ८ कार्डं सांगितली, तिसऱ्या दिवशी लाइन थांबली

चिपट्रे
गिअर पंपाची कास्ट आयर्न बॉडी. सेलमध्ये दोन व्हीएमसी, एक ड्रिलिंग एसपीएम, मग बर काढणं, वॉशिंग आणि शेवटी लीक टेस्ट. तिथून ट्रॉलीने असेंब्लीला. बॉडीचे चार प्रकार आहेत. असेंब्लीचा रोजचा खप असा: मोठी २४०, मधली १२०, लहान ६०, फ्लँजवाली २०. एकूण ४४०. सेल आणि असेंब्ली दोन्ही दोन शिफ्टमध्ये, निव्वळ ९०० मिनिटं धरा. दर ९५ सेकंदाला एक पीस बाहेर पडतो. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जायला सेटिंग ४० मिनिटं. ब्रेकडाउन, टूल बदलणं वगैरे धरून साधारण १० टक्के वेळ जातो.

मधल्या जागेत ३,००० च्या आसपास बॉडी पडून असायच्या, तरी दर आठवड्याला फ्लँजवाली कमी पडायची. म्हणून कानबान लावलं. क्रेटमध्ये २० पीस, प्रत्येक क्रेटला एक कार्ड. कार्डांची संख्या नेहमीच्या सूत्राने काढली:

कार्डं = रोजचा खप × भरपाईचा काळ × (१ + सुरक्षा) ÷ क्रेटमधले पीस

मोठीसाठी २४० × ०.५ × १.२ ÷ २० = ७.२, म्हणजे ८ कार्डं. बाकीच्यांची तशीच. तिसऱ्या दिवशी मोठी बॉडी संपली, असेंब्ली दोन तास उभी. आता सगळे म्हणतात कानबान आपल्याकडे चालत नाही. चुकलं कुठे?

तिसरी शिफ्ट
सुरक्षा २० टक्के फार कमी आहे. १०० टक्के करा. १२ कार्डं होतील, प्रश्न मिटला.

कोडनायक
आमच्याकडे बोर्डवर 'चालू' या रकान्यात एका माणसाला तीनच्या वर कामं ठेवू देत नाही. तुम्हीही सेलला एका वेळी दोनच प्रकार घ्यायची मर्यादा घाला. कार्डं मोजायची गरजच काय?

जुना सेटर
कोडनायक, तुमच्या कामाला फिक्स्चर बदलावं लागत नाही, म्हणून मजा आहे. :) इथे एक रकाना सोडून दुसऱ्यात जायचं म्हणजे ४० मिनिटं आणि दोन माणसांचा घाम.

गेजब्लॉक
चिपट्रे, तो अर्धा दिवस कुठून आला? कास्टिंग फिक्स्चरवर चढल्यापासून लीक टेस्ट होऊन क्रेट भरेपर्यंतचा वेळ असणार. तो खराही असेल. पण भरपाईचा काळ क्रेटवरून कार्ड निघाल्या क्षणी सुरू होतो आणि त्याच कार्डासकट भरलेली क्रेट परत रॅकवर आली की संपतो. तुमच्या सेलमध्ये यातला बहुतेक वेळ कार्ड नुसतं वाट बघत लटकलेलं असतं.

किती वाट बघतं ते काढू. दोन दिवसांचा हिशेब धरा. १,८०० मिनिटांतून १० टक्के गेले, उरली १,६२०. दोन दिवसांत ८८० पीस, ९५ सेकंदांनी साधारण १,३९३ मिनिटं. म्हणजे सेटिंगसाठी २२७ मिनिटं उरतात. ४० मिनिटांच्या हिशेबाने पाच सेटिंग, तीही ओढूनताणून. प्रकार चार. थोडक्यात, प्रत्येक प्रकाराला दोन दिवसांतून एकदा हात लागतो. एका दिवसात चारही घ्यायचे तर १६० मिनिटं लागतील आणि तुमच्याकडे आहेत ११३.

मग मोठीचा लॉट झाला ४८० पीस, २४ क्रेट. तुम्ही कार्डं दिलीत ८. एका लॉटइतकीसुद्धा नाहीत! सेलने १६० पीस केले, कार्डं संपली, सेटिंग बदलून मधली लावली. मधलीचा लॉट संपेपर्यंत असेंब्लीने मोठी खाऊन टाकली. हे तिसऱ्या दिवसापर्यंत तरी कसं टिकलं याचंच नवल. जुना साठा थोडा शिल्लक असणार.

चिपट्रे
होय, सुरुवातीला जुन्या सुमारे ४०० बॉडी होत्या. कार्ड न लावता त्या वापरून संपवल्या.

तिसरी शिफ्ट
म्हणजे माझी १२ पण कमीच. मग किती?

गेजब्लॉक
सुरक्षेचा टक्का वाढवून हे सुटत नाही, कारण चूक काळ मोजण्यात आहे. चार तुकडे करून मोजा.

पहिला, लॉट जमण्याचा काळ: दोन दिवस. दुसरा, लॉट जमल्यावर सेल मोकळा होण्याची वाट. मोठीचे ४८० पीस लागलेले असतील तर ७६० मिनिटं कटिंग, वर १० टक्क्यांचा तोटा, म्हणजे जवळजवळ एक दिवस. मोठीला उलट बाकीच्या तिघांसाठी थांबावं लागलं तर तेही तेवढंच भरतं. तिसरा, सेटिंग आणि पहिली क्रेट वॉशिंग-लीक टेस्टमधून बाहेर पडेपर्यंत: पाव दिवस. चौथा, खरीखुरी सुरक्षा: पाव दिवस. बेरीज साडेतीन दिवस.

मोठी २४० × ३.५ = ८४०, म्हणजे ४२ कार्डं. मधली २१, लहान ११, फ्लँजवाली ४. एकूण ७८ कार्डं, म्हणजे मधे कधीही १,५६० च्या वर माल जाऊ शकत नाही. तुमच्या ३,००० च्या जवळजवळ निम्मं. आणि हा वरचा आकडा आहे. रोज रॅकवर दिसणारा माल याहून कमीच असेल.

हरिणी
४२ कार्डं बघून वरचे साहेब विचारतील, हे कसलं कानबान, हा तर साठाच आहे.

गेजब्लॉक
साठाच आहे. फरक एवढाच की त्याला वरची मर्यादा आहे आणि तो कशामुळे लागतो हे आकड्यात दिसतं. ३,००० पैकी किती कशासाठी, हे कुणाला सांगता येत होतं का?

मीनल (पीपीसी)
हाच मुद्दा पुढे नेते. ४४० च्या खपाला ३,००० म्हणजे जवळजवळ सात दिवसांचा माल. ड्रिलच्या आडव्या होलमध्ये बर राहिली तर ती असेंब्लीत गिअर बसवताना सापडणार, म्हणजे आठवड्याने. तोवर मागे त्याच टूलने निघालेले हजारेक पीस रॅकमध्ये. शिवाय कास्ट आयर्न. जुलै-ऑगस्टमध्ये धुतलेली बॉडी सात दिवस उघडी राहिली की बोअरवर तांबूस थर आलाच. रस्ट प्रिव्हेंटिव्ह लावलं तर असेंब्लीआधी पुन्हा धुवायची. ही दुसरी धुलाई कुठल्याच कॉस्ट शीटमध्ये नसते.

चिपट्रे, त्या ३,००० मध्ये प्रकारवार किती होते? मला वाटतं मोठीच जास्त असणार.

चिपट्रे
मोठी २,१०० च्या वर. फ्लँजवाली शून्य ते तीस.

मीनल (पीपीसी)
मग ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह पीसवर आहे का? असेल तर कारण तेच. मोठी लावली की मशीन चालत राहतं, आकडा चढतो. २० फ्लँजवाल्यांसाठी ४० मिनिटं सेटिंग करायची म्हणजे त्या शिफ्टचा इन्सेंटिव्ह गेला. कोण करेल? कार्डं कितीही बरोबर काढा, करार पीसवर असेल तर सेल कार्डांना विचारणार नाही.

चिपट्रे
पीसवरच आहे. युनियनबरोबरचा तीन वर्षांचा करार आहे, अजून १४ महिने बाकी. तो आत्ता बदलता येणार नाही.

जुना सेटर
करार न उघडता एक वाट असते. प्रत्येक सेटिंगला ठरावीक पीस जमा धरायचे. ४० मिनिटांत ९५ सेकंदांचे २५ पीस होतात, तेवढे सेटिंगच्या नावावर मोजायचे. पण फक्त बोर्डने सांगितलेल्या सेटिंगला. नाहीतर लोक दिवसातून सहा वेळा फिक्स्चर बदलतील. :D

हरिणी
आणि कार्डं नसतील तेव्हा? बोर्ड रिकामा आहे, सेल मोकळा आहे, ऑपरेटर उभा आहे, आणि नेमके प्लँट हेड राउंडला येतात. त्या पाच मिनिटांत कानबान मरतं. 'मशीन का बंद? लावा मोठी.'

गेजब्लॉक
म्हणून बोर्ड लांबूनही वाचता यायला हवा. प्रकारागणिक एक उभा रकाना, खालून वर कार्डं अडकवत जायची. मोठीच्या रकान्यात ४२ खाचा. पहिल्या २३ हिरव्या: अजून लॉट जमला नाही, मोठी लावायची नाही. २४ व्या खाचेपासून पिवळं: लॉट जमला, नंबर लागला. ३७ व्यापासून लाल: रॅकवर पाचच भरलेल्या क्रेट, अर्ध्या दिवसाहून कमी. सगळे रकाने हिरव्यात असताना मशीन बंद असणं बरोबर आहे, आणि लाल असताना दुसरा प्रकार चालू असणं चूक आहे. हे प्लँट हेडना आधी बोर्डसमोर उभं करून दाखवून ठेवायचं.

अवलिया
प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. आमच्याकडे मशीनिंग आणि असेंब्लीच्या मधे हीट ट्रीटमेंट बाहेर जाते. भट्टीवाला ४०० किलो जमल्याशिवाय चार्ज लावत नाही, चार दिवसांनी माल परत येतो, कधी सहा. कार्डं किती ठेवावीत?

गेजब्लॉक
दोन वेगळे फेरे करा. मशीनिंग ते भट्टी एक, भट्टी ते असेंब्ली दुसरा. एकाच कार्डाने दोन्हीकडे फिरवलं तर कार्ड मशीनवर आहे की टेंपोत, हे कुणालाच कळत नाही. काळ चार ते सहा दिवस हलतो ना, तर आकडा सहावर काढा. आणि चार आणि सहामधल्या दोन दिवसांचे पीस किती होतात ते लिहून खरेदी विभागाकडे पाठवा. भट्टीवाल्याशी बोलताना तो आकडा त्यांच्या हातात असला पाहिजे.

तिसरी शिफ्ट
एक शंका. कार्ड क्रेटवरून कधी काढायचं? क्रेट रिकामी झाल्यावरच ना? आमच्याकडे रिकाम्या क्रेटबरोबरच परत जातं, ते सोपं पडतं.

मीनल (पीपीसी)
पहिला पीस उचलताना. मोठीला फार फरक पडत नाही, तिथे क्रेट सव्वा तासात संपते. पण फ्लँजवालीची २० ची क्रेट पूर्ण दिवस चालते. कार्ड शेवटी काढलं तर सेलला बातमी एक दिवस उशिरा. गेजब्लॉक यांनी पाव दिवस सुरक्षा धरली आहे, ती सगळी तिथेच संपली आणि वर पाऊण दिवसाचा खड्डा.

खरं तर फ्लँजवालीला २० ची क्रेटच नको. टोयोटात एका डब्यात दिवसाच्या गरजेच्या दहाव्या भागाहून जास्त माल नसावा असा दंडक आहे. मोठीची क्रेट बाराव्या भागाची, ती बसते. फ्लँजवालीच्या एका क्रेटमध्ये अख्खा दिवस बसलाय. ५ ची छोटी ट्रे करा. ३.५ दिवसांचे ७० पीस म्हणजे १४ कार्डं होतील, पण साठा तेवढाच राहून बातमी चौपट लवकर पोचेल.

जुना सेटर
मी म्हणतो फ्लँजवाली कानबानमधून काढाच. रोज २० खरंच लागतात, की सोमवारी ६० आणि मग तीन दिवस काही नाही? तसं असेल तर तिला कार्ड नको. असेंब्लीच्या प्लॅनवरून दोन दिवस आधी ऑर्डर द्या, तेवढीच करा, आली त्याच क्रमाने वापरा.

मीनल (पीपीसी)
असहमत. एका प्रकाराला प्लॅन आणि तिघांना कार्ड असं झालं की सुपरवायझरच्या हातात परत कागद आला. कागद आला की बोर्डाकडे कोणी बघत नाही.

जुना सेटर
आणि सहा महिने न हलणारी कार्डं लटकवून ठेवली तरी बोर्डाकडे कोणी बघत नाही, ताई.

एमआयडीसीकर
तुम्ही सगळे कार्डं मोजताय. मूळ आकडा ४० मिनिटांचा आहे. तो हलवा, कार्डं आपोआप कमी होतील. गेजब्लॉक, पाच सेटिंग बसतात म्हणालात ना? मग पाचवी मोठीला द्या. क्रम असा: मोठी, मधली, मोठी, लहान, फ्लँजवाली. मोठीचा लॉट २४० वर आला, सेल एका जागी अर्धा दिवसच अडकेल.

गेजब्लॉक
बरोबर. मग मोठीला लॉटचा एक दिवस, वाट अर्धा, वर ते दोन पाव. २ दिवस, २४ कार्डं. बाकीच्यांची वाट अर्ध्या दिवसाने कमी होऊन ३ दिवस: मधली १८, लहान ९, फ्लँजवाली २० च्या क्रेटने ३. एकूण ५४ कार्डं, १,०८० पीस. नवीन मशीन न घेता ७८ वरून ५४. फक्त २२७ मधून पाच सेटिंगची २०० मिनिटं गेली की दोन दिवसांत २७ मिनिटं उरतात.

हरिणी
आणि रिजेक्शन? लीक टेस्टला ब्लोहोलमुळे किती पडतात?

चिपट्रे
३ टक्क्यांच्या आसपास. तो १० टक्क्यांत धरलेला नाही.

हरिणी
मग दोन दिवसांत आणखी ४२ मिनिटांचं कटिंग वाया. २७ मधून ४२ गेले. पाचवी सेटिंग बसत नाही.

गेजब्लॉक
मान्य, माझं चुकलं. लीक टेस्ट सेलच्या शेवटी आहे, म्हणजे पडलेल्या पीसने पूर्ण मशीन वेळ खाल्लेला असतो. आजच्या स्थितीत चार सेटिंग आणि ७८ कार्डं, शिल्लक २५ मिनिटं. सेटिंग ३० मिनिटांवर आली तर पाचांना १५० लागतील आणि ३५ मिनिटं उरतील. ५४ कार्डांवर तेव्हाच जा, आधी नको. २३ मिनिटांवर आली तर चारही प्रकार रोज घेता येतील, पण तो नंतरचा विचार.

चिपट्रे, त्या ४० मिनिटांची फोड आहे का?

चिपट्रे
मोजलेली नव्हती. आज पहिल्या शिफ्टच्या दोन सेटिंग घड्याळ लावून बघितल्या. फिक्स्चर उतरवून चढवणं ११ आणि १०, टूल बदलणं ८ आणि ९, प्रोग्रॅम आणि ऑफसेट ५ आणि ५. पहिला पीस क्वालिटी रूमला जाऊन सही होऊन यायला १५ आणि १९.

जुना सेटर
घ्या! सेटिंगचा सगळ्यात मोठा तुकडा सेटरचा नाहीच. मशीन सहीची वाट बघत उभं आहे.

बोअरचा व्यास आणि दोन बोअरमधलं अंतर हे दोनच चालू करायच्या आधी बघायला लागतात. एअर गेज आणि अंतराचं गेज सेलमध्येच ठेवा, चार मिनिटांचं काम आहे. बाकीची मापं सीएमएमवर जाऊ देत, तोवर मशीन चालू. रिपोर्ट येईपर्यंत पहिली क्रेट लाल पट्टी लावून बाजूला ठेवायची, तिच्यावर कार्ड लावायचं नाही. कार्ड नाही म्हणजे ती असेंब्लीला जाऊच शकत नाही.

हरिणी
सीएमएमला फेल निघाली तर तोवर झालेले १०-१२ पीस हातात राहतात. बॉडीच्या किमतीवर ठरवा. क्वालिटीवाले सहजासहजी मानणार नाहीत.

एमआयडीसीकर
आता कार्डांचं व्यावहारिक. साधं कागदी कार्ड लॅमिनेट करून कूलंटमध्ये महिनाभर टिकत नाही. पत्र्याची पट्टी, त्यावर नंबर पंच: मोठी १/४२, २/४२ असे. हे नंबर सोडू नका. दर सोमवारी रॅक, बोर्ड आणि ट्रॉली मिळून सगळे नंबर मोजायचे. चार कार्डं खिशात, कपाटात, क्रेटच्या तळाशी गेली की साठा ८० ने कमी झाला आणि कोणाला पत्ता नाही. बोर्ड तर हिरवाच दिसत राहतो, कारण हरवलेलं कार्ड बोर्डवर येत नाही. हिरव्या बोर्डवर लाइन थांबली तर आधी कार्डं मोजा.

उलटही होतं. कार्ड सापडत नाही म्हणून सुपरवायझर नवीन छापतो, मग जुनं सापडतं. वर्षाने ४२ ची ५० होतात.

तिसरी शिफ्ट
आणि महिन्याचे शेवटचे आठ दिवस? २४० चे ३२० होतात तेव्हा कार्डं काय करणार?

मीनल (पीपीसी)
कार्डं काही करणार नाहीत, मिनिटं मोजा. रोज ८० जास्तीच्या बॉडी म्हणजे १२७ मिनिटं. दिवसाला सेटिंगसाठी ११३ च होती, त्यातून रिजेक्शनही जातं. एकही सेटिंग केली नाही तरी बसत नाही. तिसरी शिफ्ट लावा (तुम्हाला नाही म्हणत!) किंवा २० तारखेपर्यंत थोडं थोडं पुढे करून ठेवा. त्या जादा मालाला वेगळ्या रंगाची तात्पुरती कार्डं द्या आणि त्यावर बंद करायची तारीख पंच करा. एकदा वापरलं की बोर्डवर परत लावायचं नाही, थेट माझ्या टेबलावर आणायचं. नाहीतर महिनाअखेरचा साठा पुढच्या महिन्याचा नेहमीचा होतो.

खरा उपाय असेंब्लीने महिनाभर सारखं ओढणं, पण तो डिस्पॅच आणि सेल्सचा विषय आहे आणि ते या धाग्यावर नाहीत.

कोडनायक
शेवटच्या आठ दिवसांचा प्रश्न आमच्याकडेही असाच आहे. पत्र्याची कार्डं मात्र नाहीत. :)

चिपट्रे
सोमवारपासून ७८ कार्डांच्या हिशेबावर चालू करतोय. आधी रॅकवरचं सगळं मोजून जादा मोठी बॉडी बाजूच्या बेमध्ये बंद करणार. मोठीची कार्डं हिरव्यात असतील तेव्हा आधी तिथलाच माल काढू, म्हणजे पहिले काही दिवस मोठीचं सेटिंग लागणार नाही. फ्लँजवालीला ५ च्या ट्रे, ४ ऐवजी १४ कार्डं, म्हणजे एकूण ८८. जुना सेटर म्हणतात तसा खप सोमवारी ६० चा आहे का हे अजून बघायचंय, असेंब्लीच्या गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी मागवल्यात. क्वालिटीने एअर गेजला होकार दिलाय, अंतराच्या गेजला नाही.

जुना सेटर
अंतराचं गेज नाही म्हणजे पीस सीएमएमला जाणारच. मग १५ ची फार तर १२ होतील. विचारा त्यांना, अंतर फिक्स्चरच्या पिनांवरून येतं की ऑफसेटवरून. पिनांवरून येत असेल तर दर सेटिंगला का मोजायचं?

चिपट्रे
ऑफसेटवरून.

जुना सेटर
मग त्यांचं बरोबर आहे. फिक्स्चर बदलायचं बघा.